सव्वीस कार्बनची साखळी

दुसरं महायुद्ध संपून वर्ष झालं होतं. जपानमधल्या ओकायामा इथे शिगेओ ताकाहारा हे कान-नाक-घशाचे शल्यचिकित्सक एका लहान मुलीच्या तोंडातली सडलेली जखम साफ करत होते. हिरडीपासून जबड्याच्या हाडापर्यंतचा भाग कुजला होता. तो काढून टाकल्यावर त्यांनी जखमेवर हायड्रोजन पेरॉक्साइड ओतलं. तेव्हाची ही नेहमीची रीत होती. आपल्याकडेही दवाखान्यात हा द्राव अनेकांनी पाहिला असेल. जखमेवर पडला की चुरचुरतो आणि भसाभस पांढरा फेस येतो. या मुलीच्या जखमेवर मात्र फेस आलाच नाही. उलट रक्त बघता बघता काळपट तपकिरी झालं.

फेस म्हणजे ऑक्सिजनचे बुडबुडे. आपल्या रक्तात आणि जवळजवळ प्रत्येक पेशीत कॅटलेज नावाचं विकर असतं. हायड्रोजन पेरॉक्साइडचे दोन रेणू घ्यायचे, त्यांचं पाणी करायचं आणि उरलेला ऑक्सिजन सोडून द्यायचा, एवढंच ते करतं:

2 H2O2 → 2 H2O + O2

पण करतं ते अफाट वेगानं. कॅटलेजचा एकच रेणू सेकंदाला लाखो रेणूंचा फडशा पाडतो. खात्री करून घ्यायची असेल तर औषधाच्या दुकानातून हायड्रोजन पेरॉक्साइडची बाटली आणा आणि कच्च्या बटाट्याच्या ताज्या कापावर दोन थेंब टाका. काप लगेच फेसाळतो. तोच बटाटा उकडून गार केला आणि पुन्हा थेंब टाकले तर काहीच होत नाही, कारण उकडताना विकराची घडी मोडलेली असते.

ओकायामाच्या त्या मुलीच्या शरीरात हे विकर जन्मतःच नव्हतं. त्यामुळे पेरॉक्साइड तसंच राहिलं आणि त्यानं रक्तातल्या हिमोग्लोबिनलाच गाठलं. रक्त काळवंडलं ते म्हणूनच. ताकाहारांनी घरच्यांचं रक्त तपासलं, तेव्हा तिच्या काही भावंडांचीही तीच गत निघाली. तोंडातल्या काही जिवाणूंना स्वतःच पेरॉक्साइड सोडायची सवय असते. एरवी आपलं कॅटलेज ते तिथल्या तिथे मोडून टाकतं. या भावंडांच्या हिरड्यांना ती सोय नव्हती, म्हणून त्या सडत होत्या.

मला या हकिगतीतली सर्वांत महत्त्वाची गोष्ट वेगळीच वाटते. हिरड्या सोडल्या तर ही माणसं ठणठणीत होती. पुढे जपानमध्ये अशी आणखी कुटुंबं सापडली. त्यांतल्या अनेकांना तर हिरड्यांचाही त्रास नव्हता. पेरॉक्साइड हे विष आहे, लोखंडाशी गाठ पडली की त्यातून निघणारे कण चरबी, प्रथिनं, डीएनए कशालाही सोडत नाहीत, हे सगळं खरं. पण ते मोडायला पेशीजवळ कॅटलेजखेरीज दुसरीही विकरं आहेत. एक नसलं तर दुसरी बरंचसं काम ओढून नेतात.

आता हे पेरॉक्साइड पेशीत मुळात येतं कुठून? काही प्रमाणात बऱ्याच ठिकाणांहून येतं. पण ते करायचं आणि तिथेच मोडायचं, असं दुहेरी काम चालणारी एक खास जागा पेशीत आहे. तिचं नाव पेरॉक्सिझोम. एकपदरी आवरणाची ही गोळी साधारण अर्धा मायक्रॉन रुंद असते. डोक्याच्या एका केसाच्या जाडीत अशा शंभरावर गोळ्या शेजारी शेजारी मावतील. यकृताच्या एकेका पेशीत त्या शेकड्यांनी असतात.

त्या पहिल्यांदा दिसल्या 1954 मध्ये. स्वीडनमध्ये योहानेस रोडिन हा तरुण संशोधक उंदराच्या मूत्रपिंडाचे छेद इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली बघत होता. त्यानं या ठिपक्यांची नोंद प्रबंधात केली, पण ते काय करतात हे काही त्याला सांगता येईना. ते कळलं बेल्जियमच्या क्रिस्तियान द द्यूव यांना, आणि तेही न बघता. त्यांची पद्धत वेगळी होती. उंदराचं यकृत कुस्करायचं, भांडं प्रचंड वेगानं फिरवून पेशीचे घटक वजनाप्रमाणे वेगळे करायचे आणि कुठल्या थरात कुठलं विकर येतं ते मोजायचं. पेरॉक्साइड तयार करणारी दोन-तीन विकरं आणि ते मोडणारं कॅटलेज नेहमी एकाच थरात सापडत होती. ही सगळी मंडळी एकाच पिशवीत राहत असणार, असा निष्कर्ष त्यांनी काढला. 1965 च्या सुमारास त्यांनीच त्या पिशवीला पेरॉक्सिझोम हे नाव दिलं.

इथपर्यंतची गोष्ट वाचून कुणालाही वाटेल की पेरॉक्सिझोम ही पेशीतली विष मोडायची जागा. शाळेच्या पुस्तकांतही साधारण असंच लिहिलेलं असतं. पण तसं असतं तर कॅटलेज नसलेली माणसं जगली नसती. पेरॉक्सिझोमचं खरं मोठं काम कळायला आणखी दहा वर्षं गेली. 1976 मध्ये पॉल लाझारो आणि द द्यूव यांनी उंदरांना क्लोफायब्रेट नावाचं चरबी उतरवणारं औषध दिलं. या औषधानं उंदरांच्या यकृतातले पेरॉक्सिझोम भराभर वाढतात, हे आधी ठाऊक होतं. (ट्रायग्लिसराइड वाढल्यावर आज जी फेनोफायब्रेटची गोळी मिळते ती याच कुळातली. माणसात मात्र तिनं पेरॉक्सिझोम उंदरांसारखे माजत नाहीत.) त्या वाढलेल्या पेरॉक्सिझोमांत त्यांना मेदाम्लं तोडणारी विकरांची पूर्ण साखळी सापडली. एरंडाच्या रुजत्या बियांत अशी साखळी त्याआधी काही वर्षं दिसली होती, पण प्राण्यांत हे काम फक्त मायटोकाँड्रियाचं, असंच सगळे धरून चालले होते.

मेदाम्ल म्हणजे कार्बनच्या अणूंची लांब साखळी. तेलातुपातून येणाऱ्या बहुतेक साखळ्या 16 किंवा 18 कार्बनच्या असतात. मायटोकाँड्रिया त्या सहज घेतात आणि दोन-दोन कार्बनचे तुकडे तोडत संपवतात. पण शरीर स्वतः काही फार लांब साखळ्याही बनवतं, 22, 24, 26 कार्बनच्या. त्वचेतून पाणी झिरपू नये म्हणून आणि मज्जातंतूंवरच्या मायेलिन या वेष्टणात त्या थोड्या प्रमाणात लागतात. 26 कार्बनच्या मेदाम्लाचं नाव सेरोटिक आम्ल. ते मधमाशीच्या मेणात असतं. यावरून त्याची जात लक्षात येईल: शुद्ध स्वरूपात ते सुमारे 87 अंश सेल्सिअसला वितळतं. शेंगदाणा किंवा ऑलिव्हच्या तेलातलं 18 कार्बनचं ओलेइक आम्ल 13-14 अंशांनाच पातळ होतं. 37 अंशांच्या शरीरात हे मेण साचू दिलं तर पेशींची आवरणं बिघडतात. म्हणून जुन्या झालेल्या लांब साखळ्या वेळच्या वेळी मोडाव्या लागतात, आणि त्या मायटोकाँड्रियांच्या दारातून आत जात नाहीत. ऊस जसा कांडी करून चरकात घालतात, तशा त्या आधी पेरॉक्सिझोममध्ये आखूड कराव्या लागतात.

ही तोडणी कशी होते, ते 26 कार्बनच्या साखळीवरच पाहू. साखळीच्या टोकाला आधी कोएन्झाइम-ए नावाचं मूठ-दांड्यासारखं जोड बसतं. मग पेरॉक्सिझोमच्या आवरणातलं एक प्रथिन तिला आत ओढून घेतं. (या प्रथिनाचं नाव एबीसीडी-1. ते ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.) आत गेल्यावर चार पायऱ्या होतात. पहिल्या पायरीत टोकाजवळचे दोन हायड्रोजन काढले जातात. दुसरीत तिथे पाण्याचा रेणू जोडला जातो, तिसरीत आणखी दोन हायड्रोजन निघतात आणि चौथीत दोन कार्बनचा तुकडा सुटतो. 26 चे 24 होतात. पुन्हा त्याच चार पायऱ्या, मग 22. साधारण 8 कार्बन उरेपर्यंत हे चालतं. म्हणजे नऊ फेऱ्या. उरलेला आठाचा तुकडा बाहेर पाठवला जातो आणि मायटोकाँड्रियात आणखी तीन फेऱ्यांत संपतो.

मायटोकाँड्रियातल्या चार पायऱ्या रसायन म्हणून याच आहेत. फरक आहे तो पहिल्या पायरीत. मायटोकाँड्रियात काढलेले दोन हायड्रोजन टप्प्याटप्प्यानं ऑक्सिजनपर्यंत नेले जातात आणि वाटेत त्यांच्यातली ऊर्जा एटीपीच्या रूपात वसूल होते. पेरॉक्सिझोममधलं विकर तेच दोन हायड्रोजन थेट ऑक्सिजनच्या हवाली करतं. वसुली शून्य. ऊर्जा उष्णता होऊन जाते आणि दोन हायड्रोजन, दोन ऑक्सिजन मिळून तयार होतं हायड्रोजन पेरॉक्साइड. नऊ फेऱ्यांत पेरॉक्साइडचे नऊ रेणू. शेजारीच दबा धरून बसलेलं कॅटलेज त्यांचं पाणी करतं आणि वापरलेल्यापैकी निम्मा ऑक्सिजन परत मिळतो.

हा उधळेपणा वाटेल, पण त्यात सोय आहे. मायटोकाँड्रियातली तोडणी पेशीच्या ऊर्जेच्या गरजेला बांधलेली असते. एटीपी भरपूर असेल तर ती मंदावते. लांब साखळ्यांची विल्हेवाट मात्र भूक असो वा नसो, व्हायलाच हवी. वसुलीची भानगडच नसल्यामुळे पेरॉक्सिझोमला कुणाची वाट पाहावी लागत नाही. त्याची किंमत म्हणून पेरॉक्साइड होतं आणि ते आवरायला कॅटलेज ठेवावं लागतं. कॅटलेज त्या पिशवीत आहे ते या तोडणीची सोबत म्हणून, असं मी समजतो.

तोडणीच थांबली तर काय होतं, हे लोरेन्झो ओडोने या मुलाच्या आजारानं जगाला दाखवलं. त्याचे वडील ऑगस्टो जागतिक बँकेत अर्थतज्ज्ञ होते आणि आई मिकेला भाषातज्ज्ञ. 1978 मध्ये जन्मलेला हा मुलगा पाच वर्षांचा होईपर्यंत हुशार, बोलका होता. मग शाळेतून वागणुकीच्या तक्रारी येऊ लागल्या. 1984 मध्ये निदान झालं: अ‍ॅड्रिनोल्युकोडिस्ट्रॉफी. या आजारात मेंदूतलं मायेलिन नष्ट होत जातं आणि मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी काम सोडतात. डॉक्टरांनी जेमतेम दोन वर्षांची मुदत सांगितली.

अशा रुग्णांच्या मेंदूत आणि अ‍ॅड्रिनल ग्रंथीत 26 कार्बनची मेदाम्लं साचलेली असतात, हे 1976 मध्येच कळलं होतं. लाझारो आणि द द्यूव यांचा शोधही त्याच वर्षीचा, पण दोन्हींचा संबंध जुळायला वेळ गेला. पुढे बाल्टिमोरमध्ये ह्यूगो मोझर यांनी रक्तातली ही मेदाम्लं मोजण्याची चाचणी बसवली. मेंदूला हात न लावता निदान होऊ लागलं. चाचणीत नुसतं 26 कार्बनचं प्रमाण बघत नाहीत, 22 कार्बनच्या मानानं ते किती पट आहे हेही बघतात.

आता आई-वडिलांना सुचेल तेच ओडोनेंना सुचलं. लांब मेदाम्लं साचतात ना, मग ती खाण्यातून बंद करू. तसा आहार दिलाही गेला. रक्तातलं प्रमाण जागचं हललं नाही. कारण ही मेदाम्लं बहुतांशी शरीरातच तयार होतात, आखूड साखळीला दोन-दोन कार्बन जोडत. दिवसचे दिवस ग्रंथालयात बसून त्या दोघांनी एक धागा पकडला. साखळी लांबवणारं विकर ओलेइक आणि इरुसिक या दोन आम्लांवरही काम करतं. त्या दोघांचा भरणा केला तर विकर त्यांच्यातच गुंतून पडेल आणि 26 कार्बनची साखळी कमी बनेल. इरुसिक आम्ल म्हणजे मोहरीच्या पारंपरिक तेलात भरपूर असणारं 22 कार्बनचं मेदाम्ल. (म्हणून कुणी मोहरीचं तेल औषध समजू नये. त्यात इतर पुष्कळ काही असतं.) डॉन सडबी या इंग्रज रसायनतज्ज्ञानं शुद्ध इरुसिकचं तेल काढून दिलं. चार भाग ओलेइकचं आणि एक भाग इरुसिकचं असं मिश्रण तयार झालं आणि काही आठवड्यांत लोरेन्झोच्या रक्तातलं 26 कार्बनचं प्रमाण सामान्य पातळीवर आलं. 1992 मध्ये यावर ‘लोरेन्झोज ऑइल’ नावाचा हॉलिवूडचा चित्रपट निघाला आणि तो जगभर पाहिला गेला.

चित्रपट जिथे संपतो तिथून पुढची गोष्ट कमी लोकांना माहीत आहे. रक्त सुधारलं, आजार थांबला नाही. ज्यांना लक्षणं सुरू झाली होती त्यांच्यात तेलाचा फायदा दिसला नाही, आणि काहींच्या रक्तातल्या प्लेटलेट्स मात्र घटल्या. लक्षणं नसलेल्या 89 मुलांवरचा मोझर यांचा अभ्यास 2005 मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांच्या रक्तातलं प्रमाण चांगलं उतरलं, त्यांच्यात मेंदूचा विकार कमी उद्भवला, असं त्यात दिसलं. पण तुलनेला तेल न दिलेला गट नव्हता. त्यामुळे वाद मिटला नाही. लोरेन्झो स्वतः 2008 मध्ये, तिसाव्या वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी गेला. सांगितलेल्या मुदतीपेक्षा तो वीसहून अधिक वर्षं जगला, पण बहुतेक काळ अंथरुणाला खिळून. त्यात तेलाचा वाटा किती आणि अहोरात्र केलेल्या शुश्रूषेचा किती, हे एका मुलावरून ठरवता येत नाही.

दरम्यान 1993 मध्ये आजाराचं जनुक सापडलं आणि तज्ज्ञ चकित झाले. सगळे एखाद्या बिघडलेल्या विकराच्या शोधात होते. निघालं ते एबीसीडी-1, म्हणजे साखळी आत ओढणारं दार. आतली तोडणीची विकरं शाबूत, कॅटलेज शाबूत. माल मात्र बाहेर पडून. हे जनुक एक्स गुणसूत्रावर असल्यामुळे लहानपणीचा मेंदूचा आजार मुलग्यांनाच गाठतो. आईकडून बिघडलेली प्रत मुलाकडे येण्याची शक्यता निम्मी. पण एकाच घरात, एकाच बिघाडाचे दोन भाऊ असले तर एकाचा मेंदू सातव्या वर्षी जळायला लागतो आणि दुसऱ्याला तिशीत फक्त पाय जड वाटू लागतात, असंही होतं. असं का, ते अजून उलगडलेलं नाही. वाहक स्त्रियांनाही उतारवयात पायांचा ताठरपणा बऱ्याचदा येतो.

आहाराचा उपाय सरसकट निकामी म्हणावा तर तसंही नाही. पेरॉक्सिझोमचाच दुसरा एक आजार आहे, रेफ्सम. नॉर्वेच्या सिग्वाल्ड रेफ्सम यांनी तो 1940 च्या दशकात वर्णिला. यात फायटॅनिक आम्ल नावाचं फांदी फुटलेलं मेदाम्ल मोडता येत नाही. रात्री दिसेनासं होतं, वास येत नाही, हातापायांच्या नसा कमकुवत होतात. पण हे आम्ल माणसाचं शरीर अजिबात बनवत नाही. गाई-म्हशींच्या पोटातले जिवाणू हरितद्रव्यापासून त्याचा कच्चा माल सोडवतात आणि मग ते दूध, लोणी, तूप, मांसाची चरबी यांतून आपल्यापर्यंत येतं. त्यामुळे इथे पथ्य खरोखर लागू पडतं. दुधातुपाची आणि रवंथ करणाऱ्या जनावरांची चरबी बंद केली की महिन्यामहिन्यानं पातळी उतरते. पालेभाजी खायला हरकत नसते, कारण आपल्या आतड्याला हरितद्रव्यातून तो कच्चा माल सोडवताच येत नाही. फक्त उपास कडकडीत करायचा नाही, कारण उपाशीपोटी अंगातली साठलेली चरबी वितळते आणि तिच्यातलं फायटॅनिक आम्ल एकदम रक्तात उतरतं.

लोरेन्झोच्या आजारात आज खरा उपयोग होतो तो अस्थिमज्जेच्या प्रत्यारोपणाचा. दात्याच्या मूळपेशींपासून तयार झालेल्या काही पेशी मेंदूत जाऊन वसतात आणि तिथला दाह थांबवतात. पण त्याला वर्षभर तरी लागतं आणि तोवर मेंदूची हानी चालूच राहते. म्हणून एमआरआयवर पहिला पांढरा डाग दिसला, पण मूल अजून पळतंय, शाळेत जातंय, त्याच वेळी प्रत्यारोपण करावं लागतं. चालणं-बोलणं बिघडल्यावर केलं तर गेलेलं परत येत नाही. अनुरूप दाता नसेल तर मुलाच्याच मूळपेशींत एबीसीडी-1 ची चांगली प्रत घालून त्या परत देण्याच्या उपचाराला अमेरिकेत 2022 मध्ये मान्यता मिळाली. मात्र तो घेतलेल्या काही मुलांना पुढे रक्ताचा कर्करोग झाला. त्यामुळे डॉक्टर तो जपून वापरतात.

वेळ गाठायची तर आजार आधी माहीत हवा. न्यूयॉर्क राज्यात 2013 च्या अखेरीपासून प्रत्येक नवजात बाळाच्या टाचेतल्या रक्ताच्या थेंबात 26 कार्बनच्या मेदाम्लाचा एक प्रकार मोजला जातो. मग सापडलेल्या मुलांचे ठरावीक काळानं एमआरआय होत राहतात. आपल्याकडे अशी सरसकट तपासणी नाही, पण रक्ताची चाचणी मोठ्या प्रयोगशाळांत होते. ती सुचायला हवी, एवढंच. चार ते दहा वर्षांचा मुलगा, आतापर्यंत शाळेत बरा, अचानक अक्षर बिघडतं, हाक मारली तर कळत नाही, लक्ष लागत नाही. पहिल्यांदा शिक्षकांची तक्रार येते, मग बहुधा चंचलपणाचं निदान होतं. अशा मुलाच्या हिरड्या, बोटांच्या पेरांवरची आणि कोपरांवरची कातडी गेल्या वर्षभरात काळी पडली आहे का, साध्या तापातही तो उलट्या करून गळून जातो का, हे विचारावं. अ‍ॅड्रिनल ग्रंथी थकल्याच्या या खुणा मेंदूच्या लक्षणांच्या कितीतरी आधी दिसू शकतात, आणि त्या ग्रंथीचं औषध साधं, तोंडानं घ्यायचं असतं. मामाला किंवा आईच्या मामाला तरुणपणी पायांचा असाच काही न कळलेला आजार होता का, हा प्रश्नही सोबत विचारून ठेवावा.